खुराड्यातली उतरंड: सगळ्या कोंबड्या शेवटच्या एकीलाच का टोचतात

सकाळी खुराड्याचं दार उघडून मूठभर ज्वारी टाकली की पहिल्या अर्ध्या मिनिटात काय होतं ते नीट बघा. एक कोंबडी सरळ मधोमध येते आणि मान खाली घालून निवांत टिपायला लागते. दुसरी तिच्या बाजूला येते, पण अंग चोरून. तिसरी-चौथी थोड्या अंतरावरचे दाणे उचलतात. आणि एक कोंबडी कडेला उभी असते, एक पाऊल पुढे, एक मागे. ती धीर करून दाण्याला चोच लावते तोच कुणीतरी तिच्या डोक्यावर टोचा मारतं. ती ओरडून पळते, वळसा घालून परत येते, आणि दुसरीच कोंबडी तिला हाणते. तिने कुणाचं काही हिसकावलेलं नसतं. तरी डोक्याची पिसं गेलेली असतात, तुऱ्यावर काळ्या खपल्या धरलेल्या असतात आणि अंडी तिचीच सगळ्यात कमी असतात.

हे बघणाऱ्याला वाटतं की बाकीच्या कोंबड्या दुष्ट आहेत, नाहीतर ही एक मेंगळट आहे. मग तिला विकतात किंवा कापतात, आणि आठवडाभरात तिच्या जागी दुसरी उभी राहते. कारण इथे एक नियम चालतो. मोकळ्या जागेत त्या नियमाने भांडणं कमी होतात. चार भिंतींच्या आत तोच नियम एका कोंबडीच्या जिवावर उठतो.

हा नियम पहिल्यांदा नीट टिपून ठेवला नॉर्वेच्या थोरलाइफ शेल्डरुप-एब्बे यांनी. ते लहानपणापासून कोंबड्यांच्या वह्या ठेवत. कोण कुणाला टोचतं ते लिहून काढत. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ते शास्त्रीय लेखांत मांडलं. त्यांच्या निरीक्षणाचं सार असं की कळपातल्या प्रत्येक दोन कोंबड्यांमध्ये एक ठरलेला निकाल असतो. काळी पिवळीला टोचते, पिवळी काळीला टोचत नाही. अशा जोड्या एकाखाली एक लावल्या की मडक्यांची उतरंड रचावी तशी रांग तयार होते. सगळ्यात वरचीला कुणी टोचत नाही. सगळ्यात खालची कुणालाच टोचू शकत नाही.

रांग लागते कशी

पिल्लं साधारण तीन आठवड्यांची झाली की एकमेकांसमोर उड्या मारून छाती भिडवायला लागतात. तो बराचसा खेळ असतो. सहा ते दहा आठवड्यांच्या दरम्यान त्यातूनच खऱ्या झटापटी सुरू होतात आणि तलंगा अंड्यावर यायच्या आत क्रम पक्का होतो. मोठ्या अनोळखी कोंबड्या एकत्र केल्या तर हेच सगळं काही दिवसांत उरकतं. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, मानेची पिसं फुलवतात, उडी घेऊन पाय मारतात, एकमेकींचा तुरा चोचीत धरून ओढतात. एक जण मान खाली घालते, शेपूट पाडते आणि बाजूला होते. निकाल लागला. पुढे रोज लढाई होत नाही. वरचीने नुसती मान ताठ करून एक पाऊल टाकलं तरी खालची सरकते. अधूनमधून एक टोचा बसतो, तो जुन्या निकालाची आठवण करून देण्यापुरता.

सगळ्या कोंबड्या सरळ एका रांगेत बसतात, हे मात्र वाटतं तितकं साधं नाही. ताकदीचं म्हणावं तर दोन सारख्या वजनाच्या तलंगांमध्येही एक वर, एक खाली ठरतेच. अमेरिकेतल्या इव्हान चेस यांनी 1980 च्या दशकात तीन-तीन अनोळखी कोंबड्या एकत्र सोडून कोण कुणाशी कोणत्या क्रमाने भिडतं ते नोंदवलं. त्यांना दिसलं की बहुतेक वेळा दोनच गोष्टी घडतात. पहिलीने दुसरीला हरवलं की ती लगेच तिसरीलाही हरवते. नाहीतर पहिलीने दुसरीला हरवलेलं बाजूला उभ्या तिसरीने पाहिलेलं असतं, आणि तीही त्या हरलेल्या दुसरीवरच तुटून पडते. दोन्हींपैकी काहीही झालं तरी सरळ रांगच लागते. एकदा जिंकलेली अंगात बळ येऊन जिंकत जाते, आणि एकदा हरलेली पुढच्या भांडणात आधीच अर्धी हरलेली असते. शेवटचा नंबर बऱ्याचदा पहिल्या एक-दोन दिवसांतल्या एखाद्या पराभवाने पडतो. कोंबडी त्या दिवशी प्रवासाने दमलेली असेल, तहानलेली असेल, पिसं झडायच्या दिवसांत असेल, तर तेवढं कारण पुरतं.

एकमेकींना त्या ओळखतात मुख्यतः डोक्यावरून आणि मानेवरून. तुऱ्याचा आकार, रंग, तो कुठल्या बाजूला कललाय, या खुणा त्यांना पाठ असतात. तुरा लाल आणि मोठा असला की समोरची वचकून असते. खालच्या कोंबडीला खाणं कमी मिळतं, तिचा तुरा आक्रसतो, फिका पडतो, आणि त्या फिक्या तुऱ्यावरून तिला आणखी खालची समजतात. गावातल्या खुराड्यात पाच-पंधरा कोंबड्या असतात, म्हणून हे ओळखीचं गणित तिथे चोख चालतं. हजारोंच्या पोल्ट्रीत प्रत्येकीला ओळखणं शक्य नसतं, तिथे ही उतरंड अशी लागत नाही. त्यामुळे मोठ्या पोल्ट्रीवाल्यांचे उपाय जसेच्या तसे घरच्या खुराड्याला लावू नयेत.

शेवटचीच्या वाट्याला किती येतं

समजा, सेलू-जिंतूरकडच्या एखाद्या घरी सहा कोंबड्या आहेत. वरून खाली क्रम असा: काळी, तुरेवाली, पिवळी, करडी, टिपकी आणि भुरी. सहा कोंबड्यांच्या जोड्या होतात 15. प्रत्येक जोडीत वरची खालचीला टोचते. सकाळच्या दाण्याच्या वेळी प्रत्येक वरच्या कोंबडीने तिच्या खालच्या प्रत्येकीला फक्त दोन टोचे मारले, असं धरू. एकूण टोचे 30. काळी 10 मारते आणि एकही खात नाही. पिवळी 6 मारते, 4 खाते. भुरी एकही मारत नाही आणि 10 खाते. कुणाचाही भुरीवर खास राग नाही, प्रत्येक जण नेमाने दोनच टोचे मारतेय, तरी सगळ्या माराचा तिसरा हिस्सा एकटीच्या डोक्यावर पडला.

प्रत्यक्षात तो याहून जास्त पडतो. काळी पहिल्या पाच मिनिटांत पोटभर खाते आणि धुळीत लोळायला जाते. भुरीला एक दाणा मिळवायला चार खेपा कराव्या लागतात, आणि प्रत्येक खेपेला ती कुणाच्या तरी चोचीच्या टप्प्यात येते. म्हणजे उपाशी असल्यामुळे ती जास्त वेळा मार खायला जाते, आणि मार खाते म्हणून उपाशी राहते. त्यात ती घाबरून पळते. पळणाऱ्या कोंबडीमागे धावणं हा या जातीचा स्वभावच आहे. चोचीत गांडूळ घेऊन पळणाऱ्या पिल्लामागे बाकीची पिल्लं धावतात ते कुणीही पाहिलेलं असेल.

आता हे सगळं रानात कसं चालतं ते बघू. आपल्या घरच्या कोंबडीचा मूळ पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडा. उत्तर आणि ईशान्य भारतापासून आग्नेय आशियापर्यंतच्या जंगलात तो अजून आहे. तिथे एक कोंबडा आणि काही माद्या, एवढाच कळप असतो. हरलेली मादी झुडपाआड जाते, दहा-वीस पावलांवर दुसरीकडे माती उकरते, तिला तिथे किडे मिळतात. वरचीला हवी ती जागा मिळाली, खालची जिवानिशी सुटली, दोघींचं रक्त वाचलं. या व्यवस्थेत हरणाऱ्याने करायची गोष्ट एकच: नजरेआड होणं. ती नजरेआड झाली की टोचणं थांबतं.

भुरीला नजरेआड व्हायला जागा नाही. चार बाय सहा फुटांचं खुराडं, वर पत्रा, कोपऱ्यात एक खाण्याचं भांडं, एक पाण्याचं. ती पळते ती भिंतीवर आदळते आणि फिरून मारणारीच्याच समोर येते. मान खाली घालून तिने ‘मी हरले, जाते’ असं सांगितलेलं असतं, पण जाणं घडत नाही. समोरचीला दिसतं ते एवढंच की सांगूनही ही इथेच आहे. म्हणून पुन्हा टोचा. दिवसभर हेच. दोष शोधायचा असेल तर तो खुराड्याच्या बांधणीत शोधावा.

जखम कुठे आहे ते आधी बघा

टोचण्याचे प्रकार दोन आहेत आणि त्यांची औषधं वेगळी आहेत. इथेच सगळ्यात जास्त चूक होते. उतरंडीचा टोचा वरून खाली, जोरात, आणि डोक्यावर बसतो: तुरा, टाळू, मानेची मागची बाजू. तो मारताना कोंबडी ताठ उभी असते आणि खाणारी लगेच ओरडून पळते. तुऱ्यावर आणि टाळूवर खपल्या असतील तर समजा हा क्रमाचा मार आहे.

दुसरा प्रकार म्हणजे पिसं उपटणं. त्यात कोंबडी शांतपणे, जमीन टिपावी तशी, दुसरीच्या पाठीची, शेपटीच्या बुडाची किंवा गुदद्वाराजवळची पिसं ओढते. कधी ती गिळतेही. यात राग नसतो. कोंबडीला दिवसातला बराच वेळ उकरणं आणि टिपणं हवं असतं. उकिरडा नाही, भुसकट नाही, फरशी किंवा जाळीवर दिवस काढायचा, मग ती चोच शेजारणीच्या पिसांवर चालते. खाण्यात प्रथिनं कमी असली की हे वाढतं. नुसत्या ज्वारी-मक्यावर कोंबड्या ठेवल्या तर हीच अडचण येते, कारण ज्वारीत प्रथिनं 10 टक्क्यांच्या आसपास असतात आणि अंड्यावरच्या कोंबडीला 16 ते 18 टक्के लागतात. सोयाबीनची पेंड, वाळवी, उकिरड्यातले किडे, हिरवा पाला यांनी ती तूट भरते. सोयाबीनचा कच्चा दाणा मात्र देऊ नये. पेंड किंवा भाजलेलाच द्यावा.

तिसरी एक खूण या दोन्हींत न बसणारी आहे. पाठीवर दोन्ही बाजूंना सारखी उघडी चकती आणि डोक्यामागची पिसं गेलेली, असं दिसलं तर ते कोंबड्याचं काम असतं. चढताना तो डोक्यामागची पिसं चोचीत धरतो आणि पाठीवर पाय रोवतो. चार-पाच कोंबड्यांमागे एक तरणा कोंबडा असला की हे होतं. त्यासाठी कोंबड्यांचा क्रम बदलायला जाण्यात अर्थ नाही.

हे प्रकार एकमेकांत मिसळतात तेव्हा धोका असतो. डोक्यावरच्या टोच्याने रक्त निघालं की लाल ओला ठिपका सगळ्यांच्या नजरेत भरतो, आणि ज्या कोंबड्यांचा त्या भांडणाशी संबंध नव्हता त्याही टिपायला येतात. इथून पुढे क्रम-बिम काही राहत नाही, एका दुपारीत कोंबडी मरू शकते. म्हणून नियम साधा ठेवावा: नुसती ओरड, पळापळ, चार पिसं, यात हात घालू नये, रक्त दिसलं की तासाभराचीही वाट बघू नये. रक्त नसताना मध्ये पडून दोघींना सोडवलं तर निकाल अर्धवट राहतो आणि तीच झटापट उद्या पुन्हा होते.

खुराडं बदलायचं ते असं

पहिली गोष्ट खाण्याच्या भांड्याची. मोजमापाने लांब भांड्याला दर कोंबडीमागे 10 सेंटिमीटर कड पुरते, म्हणजे सहा जणींना 60 सेंटिमीटर. पण भुरीची अडचण सेंटिमीटरची नाही. भांडं कोपऱ्यात असलं की त्याला दोनच बाजू उघड्या उरतात आणि काळी एकटी ते अडवू शकते. तेच भांडं भिंतीपासून सुटं ठेवा, आणि आणखी एक भांडं दोन-अडीच मीटरवर, मध्ये आडोसा येईल असं ठेवा. काळीला एका वेळी एकाच भांड्यावर राज्य करता येतं. ती इकडे आली की भुरी तिकडे खाते. खुराड्यात एवढी जागा नसेल तर दुसरं भांडं बाहेर अंगणात ठेवावं. दाणे हाताने टाकायचे तर एका ढिगात टाकू नयेत, चार-पाच मीटरच्या घेरात पेरल्यासारखे फेकावेत.

दुसरी गोष्ट आडोसा. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी उपाय हाच आहे, आणि आपल्याकडे त्याचं सामान प्रत्येक शेताच्या बांधावर पडलेलं असतं. पऱ्हाटीचा किंवा तुराटीचा भारा भिंतीला तिरका टेकवून ठेवला की त्याच्यामागे कोंबडी जाऊ शकेल असा बोळ तयार होतो. बोळाची दोन्ही तोंडं उघडी असली पाहिजेत. एकच तोंड असलेली पेटी किंवा पालथं घातलेलं पिंप आडोसा वाटतं, पण भुरी आत गेली आणि तोंडाशी काळी उभी राहिली की तोच सापळा होतो. खुराड्यात मेलेली कोंबडी बऱ्याचदा अशाच कोपऱ्यात सापडते. अंगणात एखादी जुनी बाज, बैलगाडीचा सांगाडा, कडब्याच्या चार पेंढ्या उभ्या केल्या तरी चालतं. मारणारीच्या डोळ्यांपासून दोन पावलांत गायब होता आलं पाहिजे, एवढंच बघायचं.

तिसरी गोष्ट बसायचा दांडा. संध्याकाळी अंधार पडायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं जी गडबड होते ती जागेसाठी. दांडे शिडीसारखे वर-खाली असले की सगळ्यांना वरचाच हवा असतो आणि भांडण लागतं. सगळे दांडे एकाच उंचीवर बांधावेत, दर कोंबडीला 20 सेंटिमीटर धरून. सहा जणींना सव्वा मीटरचा एक दांडा होतो, पण त्याऐवजी थोडं अंतर सोडून दोन दांडे बांधलेले बरे, म्हणजे भुरीला काळीच्या शेजारी बसावं लागत नाही. सकाळी अंड्याच्या टोपलीत शिट साचलेली दिसली तर ओळखावं की कुणीतरी दांड्यावरून हाकललेली रात्रभर तिथे बसलेली होती.

एप्रिल-मेमधलं पाणी

मराठवाड्यात या विषयाची सगळ्यात वाईट बाजू उन्हाळ्यात दिसते. पारा 42 च्या वर जातो, पत्रा तापतो, आणि खुराड्यात दाण्यापेक्षा पाणी आणि सावली या दोन गोष्टींवर हक्क गाजवला जातो. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून दूर धरते आणि तोंडातून-श्वासातून पाणी उडवून अंग निववते. एरवी अंड्यावरची कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते. कडक उन्हाळ्यात ते दुप्पट होतं. धापा टाकणाऱ्या कोंबड्या पाण्याच्या भांड्याजवळच ठाण मांडून बसतात. सावलीची ओल धरलेली जागाही तीच असते. भुरीला ना भांड्यापर्यंत जाता येतं, ना सावलीत बसता येतं. दुपारी ती पत्र्याच्या कडेला, ऊन येतं त्या बाजूला उभी असते. ‘उन्हाने एक कोंबडी गेली’ असं घरात म्हणतात तेव्हा कितीदा तरी गेलेली कोंबडी उतरंडीतली शेवटची असते. ऊन सगळ्यांना सारखंच होतं, पाणी सारखं नव्हतं.

उपाय खर्चाचा नाही. एका मोठ्या भांड्याऐवजी मातीचे तीन परळ तीन वेगवेगळ्या सावल्यांत ठेवावेत, एकातून दुसरा दिसू नये असे. परळातलं पाणी झिरपून गार राहतं, पण ते उथळ असल्याने लवकर संपतं. सकाळी, बारा वाजता आणि तीनच्या सुमाराला भरावंच लागतं. पत्र्यावर पऱ्हाटी किंवा कडब्याचा जाड थर टाकावा. बाजूने ओलं पोतं बांधायचं तर एकाच बाजूला बांधू नये, नाहीतर सगळ्या तिथे गोळा होतात आणि शेवटची पुन्हा बाहेर.

भुरीला बाहेर काढलं तर

जखमी कोंबडी वेगळी काढावीच लागते, पण कुठे ठेवायची यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. घरामागे दूर बांधली आणि तीन आठवड्यांनी परत सोडली तर बाकीच्या तिला विसरलेल्या असतात. ती अनोळखी म्हणून परत येते आणि पहिल्यापासून मार खाते. त्यापेक्षा तिला खुराड्यातच किंवा खुराड्याला लागून डालग्याखाली किंवा जाळीच्या आड ठेवावं. दिसते, आवाज येतो, पण टोचता येत नाही. जाळीचं भोक इतकं बारीक असावं की बाहेरून चोच आत जाऊ नये. जखम मिठाच्या कोमट पाण्याने किंवा पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्याने धुवावी आणि वर जेन्शन व्हायोलेटचं जांभळं औषध लावावं. त्याने लाल रंग झाकला जातो. पण औषध जखमेपुरतंच लावावं. अख्खं डोकं-मान रंगवली तर ज्या खुणांवरून त्या तिला ओळखतात त्याच पुसल्या जातात, आणि ओळखीची कोंबडी परकी होते. खपली वाळून पिसांचे कोंब दिसेपर्यंत, म्हणजे साधारण आठ-दहा दिवस, तिला आडच ठेवावं.

तिला कायमची काढून टाकली तर भुरीच्या आधीची टिपकी शेवटची होते. कालपर्यंत चार जणींचा मार खाणारी टिपकी आजही चार जणींचाच खाते, फक्त आता तिच्याखाली कुणी नाही. भांडं कोपऱ्यात एकच असेल तर महिन्याभरात तिचीही टाळू उघडी पडते. काही वेळा उलटं करणं कामी येतं: जी एक कोंबडी बाकीच्यांपेक्षा फार जास्त, विनाकारण, पाठलाग करून मारते, तिलाच चार-सहा दिवस डालग्याखाली ठेवावं. तेवढ्या दिवसांत खालचीला दाण्याजवळ जायची सवय लागते आणि मारणारी परत आल्यावर तिचा जोर काही काळ ओसरलेला असतो. दर वेळी हे जमेल असं नाही, पण शेवटचीला हद्दपार करण्याआधी हे करून बघावं.

बाजारातून नवी आणताना

आठवडी बाजारातून एकच तलंग आणून संध्याकाळी कळपात सोडणं ही सर्रास होणारी चूक आहे. सहा जणींचे आपसांतले निकाल लागलेले असतात. नवीला मात्र सहाही जणींशी वेगवेगळं भिडावं लागतं, तेही पाय बांधून, उलटी लटकून, उन्हातून आल्यावर. ती पहिली हरते, आणि हरलेली पाहून बाकीच्या पाच तुटून पडतात. शक्य असेल तर दोन-तीन एकदम आणाव्यात, सारख्या वयाच्या. मार वाटला जातो आणि त्या एकमेकींना धरून राहतात. पहिले दोन-तीन आठवडे त्यांना अगदी वेगळं, वेगळ्या दाण्यापाण्यावर ठेवावं. हे भांडणासाठी नाही, रोगासाठी: मानमोडी बाजारातूनच घरात येते. त्यानंतर आठवडाभर जाळीआड शेजारी ठेवावं, मग एका संध्याकाळी, जुन्या कोंबड्या दांड्यावर बसल्यावर, हलक्या हाताने नव्यांना दुसऱ्या दांड्यावर बसवावं. सकाळी लवकर दार उघडून सगळ्यांना अंगणात सोडावं, आणि दाणे दूरवर फेकावेत. पहिली भेट बंद खुराड्यात होता कामा नये. तीन-साडेतीन महिन्यांखालची पिल्लं आईशिवाय मोठ्यांत सोडूच नयेत, त्यांना परत टोचायचं बळच नसतं.

दर वेळी नवी कोंबडी आली की सगळ्या कळपाचे हिशेब पुन्हा हलतात, जुन्यांचेही. अमेरिकेत ऑली आणि गुल यांनी 1940 च्या दशकात काही कळपांतल्या कोंबड्या सतत बदलत ठेवल्या आणि काही कळप तसेच राहू दिले. बदलत्या कळपांत टोचणं जास्त झालं, दाणा कमी खाल्ला गेला आणि अंडीही कमी मिळाली. म्हणून दर बाजाराला एक आणण्यापेक्षा वर्षातून एकदा तीन-चार आणणं परवडतं.

बदल लागू पडला का, ते रात्री कळतं

दिवसा बघून नीट अंदाज येत नाही, कारण माणूस जवळ आला की कोंबड्या वेगळ्या वागतात. अंधार पडल्यावर दांड्यावरच्या भुरीला हळूच उचला आणि मानेच्या बुडाशी, छातीच्या वर, उजव्या बाजूला बोटांनी चाचपा. तिथे दाण्याची पिशवी असते. दिवसभर नीट खाल्लेल्या कोंबडीची पिशवी रात्री भरलेली लागते, आतले ज्वारीचे दाणे बोटांना कळतात. भुरीची पिशवी रिकामी, सैल लागली तर तिला आजही खायला मिळालेलं नाही. मग छातीचं मधलं हाड चाचपा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असेल तर बरं. हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलेलं असेल तर हा उपास बऱ्याच दिवसांचा आहे. ताडून बघायला लगेच काळीलाही उचलून तसंच चाचपा, फरक हाताला कळतो.

भांडी वेगळी केल्यावर आणि भारे लावल्यावर चार-पाच रात्री हे करत राहावं. पिशवी भरायला लागली की दोन-तीन आठवड्यांत टाळूवर नवी पिसं फुटतात आणि तुरा लाल होऊ लागतो. भुरी तेव्हाही शेवटचीच असते. काळी आली की ती बाजूला होतेच. फक्त आता बाजूला व्हायला तिला पऱ्हाटीच्या भाऱ्यामागे जागा असते, आणि तिथून चार पावलांवर दुसरं भांडं.

पिशवी रोज भरलेली आहे, जखम नाही, तरी कोंबडी वाळत चालली असेल तर मात्र कारण उतरंडीचं नाही. जंत, उवा-गोचिड्या किंवा आजार बघावा लागतो. आणि वरच्या नंबरची कोंबडी एकाएकी खालच्यांचा मार खायला लागली, तर तिच्या विष्ठेकडे आणि श्वासाकडे त्याच दिवशी लक्ष द्यावं. तिची ताकद गेल्याचं बाकीच्या कोंबड्यांना आपल्याआधी दोन दिवस कळलेलं असतं.